एक्स्टेंडरवर दोन्ही दिवे हिरवे, पण मोबाइलला नेट नाही (खालचा राउटर बदलल्यापासून)

जुळेसोलापूर_दुसरामजला

घर दोन मजली. खाली हॉलमध्ये फायबरचा राउटर, वर जिन्यापाशी प्लगमध्ये लागणारा एक्स्टेंडर. गेल्या आठवड्यात कंपनीचा माणूस येऊन खालचा डबा बदलून गेला. वायफायचं नाव आणि पासवर्ड जुनाच ठेवला, त्यामुळे घरातलं सगळं आपोआप जोडलं गेलं. एक्स्टेंडरसुद्धा. त्याचे पॉवर आणि सिग्नल असे दोन्ही दिवे हिरवे आहेत.

वर मोबाइल एक्स्टेंडरला (नावाच्या शेवटी `_EXT` आहे) जोडला की वायफायच्या रेघा पूर्ण दिसतात आणि त्याखाली 'इंटरनेट नाही'. तोच मोबाइल खाली नेला की व्यवस्थित चालतो. एक्स्टेंडर बंद करून पुन्हा चालू केला, फरक नाही. खालचा टीव्हीही अधूनमधून नेट नाही म्हणतो, बंद-चालू केला की सुरू होतो. त्याचा याच्याशी संबंध असेल का?

कसब्यातला

भिंती किती जाड आहेत? आपल्याकडच्या जुन्या वाड्यांत दगडी भिंतीमुळे हाच त्रास होतो. एक्स्टेंडर जिन्याच्या मधल्या टप्प्यावर लावा, जिथून राउटर थेट दिसेल. बरेच लोक जिथे नेट येत नाही तिथेच एक्स्टेंडर लावतात. त्याला स्वतःलाच सिग्नल मिळत नसेल तर तो पुढे काय देणार?

जुळेसोलापूर_दुसरामजला

भिंती विटांच्या आहेत आणि एक्स्टेंडर जिथे होता तिथेच आहे. डबा बदलायच्या आदल्या दिवसापर्यंत सगळं चालू होतं. सिग्नल कमी पडला की त्याचा दिवा लाल होतो. आता तो हिरवा आहे.

बिनधास्त_बार्शीकर

रीसेट मारा की ओ! टाचणीने मागचं भोक १० सेकंद दाबून धरा, मग राउटरचं डब्ल्यूपीएस बटण आणि दोन मिनिटांच्या आत एक्स्टेंडरचं बटण. विषय संपला. त्याने नाही झालं तर मोबाइलमध्ये डीएनएस `8.8.8.8` टाका.

तारवाला

रीसेटने कदाचित सुटेलही, पण बिघाड कुठे होता ते कळणार नाही, आणि `_EXT` हे नाव, त्याचा पासवर्ड सगळं पुन्हा भरावं लागेल. डीएनएसचा इथे उपयोग होईल असं वाटत नाही. आधी दोन आकडे बघू.

सिग्नलचा हिरवा दिवा एवढंच सांगतो, की एक्स्टेंडर राउटरच्या वायफायला जोडला गेला आहे, पासवर्ड बरोबर आहे आणि सिग्नल पुरेसा आहे. राउटरच्या पुढे इंटरनेट आहे का, किंवा तुमच्या मोबाइलला पत्ता कोणता मिळाला, याच्याशी त्या दिव्याचा काही संबंध नाही.

मोबाइल `_EXT` ला जोडा. वायफायच्या यादीत त्या नावापुढचं चक्र दाबलं की खाली `IP address` आणि `Gateway`, म्हणजे बाहेर इंटरनेटकडे जायचं दार, दिसेल. दोन्ही लिहून घ्या. मग खाली जाऊन राउटरच्या वायफायवर हेच दोन आकडे बघा. टीव्ही अडेल तेव्हा बंद-चालू करण्याआधी त्याच्याही नेटवर्क सेटिंगमध्ये जाऊन बघा.

गेटवेची जागा रिकामी असेल किंवा पत्ता `169.254` ने सुरू होत असेल, तर मोबाइलला पत्ता द्यायला कोणी पुढेच आलं नाही. वर-खाली गेटवे एकच असेल तर एक्स्टेंडरचं काम ठीक आहे आणि दोष पुढे शोधायचा. गेटवे वेगवेगळे निघाले तर मात्र उत्तर तिथेच मिळतं.

जुळेसोलापूर_दुसरामजला

वर: पत्ता `192.168.1.103`, गेटवे `192.168.1.1`
खाली: पत्ता `192.168.100.5`, गेटवे `192.168.100.1`

टीव्ही आज संध्याकाळी अडला तेव्हा बघितलं. त्याचा पत्ता `192.168.1.106` होता. टीव्ही तर एक्स्टेंडरला जोडलेलाच नाही, सरळ राउटरला आहे!

तारवाला

मग उलगडा झाला, टीव्हीचासुद्धा.

जुन्या राउटरचा पत्ता `192.168.1.1` होता, नव्याचा `192.168.100.1` आहे. डबा बदलणाऱ्याने नाव-पासवर्ड तेच ठेवले, पण आतला हा पत्ता नव्या डब्याबरोबर जसा आला तसाच राहिला. तुमच्या एक्स्टेंडरमध्ये पूर्वी कोणीतरी दोन गोष्टी करून ठेवलेल्या दिसतात. एक, त्याला स्वतःला `192.168.1` मधला कायमचा पत्ता दिला आहे. दोन, त्याचा स्वतःचा डीएचसीपी सर्व्हर चालू ठेवला आहे, म्हणजे जोडल्या गेलेल्या उपकरणांना पत्ते तोच वाटतो. जुना राउटर होता तोवर हे खपून गेलं, कारण दोघं एकाच मालिकेतले पत्ते वाटत होते आणि गेटवेही खरा होता. आता एक्स्टेंडर मोबाइलला सांगतो, बाहेर जायचं असेल तर `192.168.1.1` कडे जा. त्या पत्त्यावर कोणी उरलेलंच नाही. म्हणूनच डीएनएस बदलून काही होणार नव्हतं. `8.8.8.8` पर्यंत पोचायलासुद्धा आधी गेटवे लागतोच.

टीव्हीचं असं, की उपकरण पत्ता मागतं तेव्हा ती हाक नेटवर्कभर जाते आणि जो आधी उत्तर देईल त्याचा पत्ता ते घेतं. काही एक्स्टेंडर आपलं उत्तर राउटरच्या बाजूला जाऊ देत नाहीत, तुमचा जाऊ देतो. टीव्हीला कधी राउटर आधी गाठतो, कधी एक्स्टेंडर. बंद-चालू केल्यावर तो पुन्हा पत्ता मागतो आणि नशिबाने बरोबर मिळतो. खात्री करायची असेल तर एक्स्टेंडर प्लगमधून काढून ठेवा. टीव्ही पुन्हा अडता कामा नये.

बिनधास्त_बार्शीकर

मग एक्स्टेंडरला हात कशाला लावायचा? नव्या राउटरचाच पत्ता बदलून `192.168.1.1` करा. एक्स्टेंडर, टीव्ही, सगळं होतं तसं चालू. पाच मिनिटांचं काम.

तारवाला

चालेल, नाही म्हणत नाही. पण दोन अडचणी आहेत. कंपनीच्या डब्यात आपल्याला मिळणाऱ्या लॉगिनने हा पत्ता बदलता येईलच असं नाही, आणि कंपनीने उद्या तो डबा रीसेट केला की पुन्हा पहिले पाढे. शिवाय पत्ते वाटणारे दोघं तसेच राहतात. दोघांनी एकच पत्ता दोन उपकरणांना दिला, तर एखादं उपकरण अधूनमधून मरतं आणि कारण शोधताना डोकं पिकतं. जुन्या डब्यावर कदाचित तेही होत असेल, कोणी लक्ष दिलं नसेल.

एक्स्टेंडर दुरुस्त करायचा तर असं करा.

मोबाइल `_EXT` ला जोडा. त्याला सध्या `192.168.1` मधलाच पत्ता मिळतो आहे, म्हणून एक्स्टेंडरचं पान उघडेल. या चुकीच्या पत्त्याचा तेवढा एक फायदा. एक्स्टेंडरचा पत्ता कोणी लिहून ठेवलेला नसेल तर ब्राउझरमध्ये `192.168.1.254` किंवा `192.168.1.250` टाकून बघा, लोक बहुधा शेवटचे आकडे देतात. ते उघडले नाहीत तर नेटवर्कमधली उपकरणं दाखवणारं कुठलंही स्कॅनर ॲप `_EXT` वर असताना चालवा.

आत गेलात की `Network` किंवा `LAN` नावाचं पान शोधा. तिथे `Static IP` निवडलेलं असेल, त्याऐवजी `Obtain an IP address automatically` निवडा. त्याच पानावर `DHCP Server` असेल तर तो `Off` करा आणि दोन्ही एकदमच सेव्ह करा. एक्स्टेंडर बंद होऊन पुन्हा सुरू होईल आणि आता राउटरकडून स्वतःसाठी `192.168.100` मधला पत्ता घेईल.

दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या पानांवर असतील तर क्रम सांभाळा, आधी पत्ता `automatically` आणि मगच डीएचसीपी बंद. उलटं केलंत तर एक्स्टेंडर `192.168.1` मध्ये बसून राहील, मोबाइलला पत्ता राउटरकडून `192.168.100` मधला मिळेल आणि पान उघडणारच नाही. तसं झालंच तर मोबाइलच्या वायफाय सेटिंगमध्ये त्या जोडणीपुरतं `Static` निवडा, पत्ता `192.168.1.60`, गेटवे एक्स्टेंडरचा पत्ता, प्रीफिक्स २४, आणि मग आत जा. काम झाल्यावर मोबाइल पुन्हा `DHCP` वर न्यायला विसरू नका, नाहीतर बाकी सगळं सुधारेल आणि तोच एक मोबाइल अडून बसेल.

जुळेसोलापूर_दुसरामजला

पानच उघडत नाही. `192.168.1.250` टाकलं, `192.168.1.254` टाकलं. बराच वेळ फिरतं आणि 'साइट उघडत नाही' येतं. पत्ता तर `192.168.1.103` दाखवतो आहे.

प्राची_होटगीरोड

मोबाइल डेटा बंद केला आहे का? वायफायवर इंटरनेट नाही असं दिसलं की अँड्रॉइड गुपचूप मोबाइल डेटावर जातो, आणि तुम्ही टाकलेला पत्ता घरात न शोधता सिमकार्डाच्या नेटवर शोधत बसतो. डेटा बंद करा आणि 'या नेटवर्कवर इंटरनेट नाही, तरी जोडून ठेवायचं का' असं विचारलं तर हो म्हणा. शिवाय पत्त्याच्या आधी `http://` टाका. नुसते आकडे टाकले की काही ब्राउझर ते `https` ने उघडायला जातात, आणि एक्स्टेंडरला बऱ्याचदा ते येत नसतं.

जुळेसोलापूर_दुसरामजला

डेटाच चालू होता. बंद करून `http://192.168.1.250` टाकलं, लगेच उघडलं. पासवर्ड मागच्या स्टिकरवरचाच निघाला. आत तारवाला म्हणाले तसंच होतं, `Static IP` आणि `DHCP Server: On`. दोन्ही एकाच पानावर होतं, एकदम बदललं. एक्स्टेंडर सुरू झाला, दिवे हिरवे. पण माझा मोबाइल अजून `192.168.1.103` च दाखवतोय. मिसेसच्या मोबाइलवर मात्र नेट सुरू झालं.

तारवाला

तुमच्या मोबाइलने जुना पत्ता धरून ठेवला आहे. एक्स्टेंडरने तो ठरावीक मुदतीसाठी दिलेला असतो, आणि मुदत संपेपर्यंत मोबाइल नवा मागेलच असं नाही. `_EXT` 'विसरा' करून पासवर्ड टाकून पुन्हा जोडा. टीव्ही एकदा बंद-चालू करा. घरात विंडोजचा लॅपटॉप असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये:

```
ipconfig /release
ipconfig /renew
```

आता वर आणि खाली दोन्हीकडे गेटवे `192.168.100.1` आला पाहिजे. एक्स्टेंडरचं पान यापुढे `192.168.1.250` वर उघडणार नाही. राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी असते, त्यात त्याचा नवा पत्ता सापडेल.

जुळेसोलापूर_दुसरामजला

जमलं. वर-खाली गेटवे एकच आहे, टीव्हीही ठीक.

एक राहिलंच. कॅमेऱ्यांचा डीव्हीआर वायरने राउटरला जोडलेला आहे. हॉलमधल्या स्क्रीनवर चित्र दिसतं, पण मोबाइलवर 'ऑफलाइन'. हेही डबा बदलल्यापासूनच. त्याच्या मेनूत पत्ता `192.168.1.108` लिहिला आहे.

बिनधास्त_बार्शीकर

बघा, मी म्हणत होतो! राउटरचा पत्ता बदलला असता तर डीव्हीआरसुद्धा आपोआप चालू झाला असता. आता प्रिंटर, डीव्हीआर, एकेकाला हात लावत बसा.

तारवाला

डीव्हीआरच्या बाबतीत बार्शीकरांचं बरोबर आहे. ज्या घरात अशी कायमच्या पत्त्याची चार-पाच उपकरणं असतात, तिथे राउटरच बदलणं सोपं पडतं. फक्त तेव्हाही एक्स्टेंडरचा डीएचसीपी बंद करावाच लागेल.

इथे एकच डीव्हीआर आहे. त्याच्या नेटवर्क मेनूत पत्ता `192.168.100.208`, मास्क `255.255.255.0`, गेटवे आणि डीएनएस दोन्ही `192.168.100.1` करा. आधी राउटरमध्ये डीएचसीपीची मर्यादा बघा. तो `2` ते `254` असे सगळेच पत्ते वाटत असेल तर शेवट `200` वर आणा, म्हणजे `208` दुसऱ्या कोणाला दिला जाणार नाही. कंपनीच्या डब्यात ते बदलता येत नसेल तर डीव्हीआरलाच डीएचसीपीवर ठेवा. मोबाइल ॲप अनुक्रमांकावरून जोडत असेल तर पत्ता बदलला तरी अडत नाही.

प्राची_होटगीरोड

एक्स्टेंडरच्या `DHCP Server` मध्ये `Auto` असाही पर्याय असतो. तो `Off` पेक्षा बरा नाही का? राउटरशी जोडणी तुटली की एक्स्टेंडर स्वतः पत्ता देतो, त्यामुळे सेटिंगचं पान उघडता येतं. `Off` वर असताना राउटरचा पासवर्ड बदलला तर आत शिरायला मोबाइलवर हाताने पत्ता टाकावा लागेल, आणि तो कोणता टाकायचा हेच आठवत नाही.

तारवाला

पान उघडण्यापुरतं `Auto` बरं. पण वीज जाऊन आल्यावर त्रास देतं. एक्स्टेंडर मिनिटभरात उठतो, फायबरच्या डब्याला दोन-तीन मिनिटं लागतात. मधल्या वेळेत एक्स्टेंडरला राउटर सापडत नाही, तो स्वतःचे पत्ते वाटायला लागतो आणि मोबाइल ते धरून बसतात. मग राउटर येतो, दिवे हिरवे होतात आणि नेट नसतं. उन्हाळ्यात दिवसातून दोनदा वीज जाते तिथे मी `Off` च ठेवेन.

प्राची_होटगीरोड

राउटर इन्व्हर्टरवर असेल तर तो बंदच होत नाही, मग हा प्रश्न येत नाही. आणि जोडणी झाल्यावर एक्स्टेंडर उपकरणांना एकदा सोडून पुन्हा घेतो, तेव्हा मोबाइल नवा पत्ता मागतात.

तारवाला

सगळी मॉडेल सोडत नाहीत. घरात इन्व्हर्टर असेल तर `Auto` ठेवा, माझी हरकत नाही.

एमआयडीसी_टॉवेल

आमचंपण सेम हाय बघा. अक्कलकोट रोडला कारखाना, ऑफिसात राउटर, मागं मागाच्या शेडमध्ये एक्स्टेंडर, हिरवा दिवा. पासवर्ड सगळ्या कामगारांकडं गेला म्हणून राउटरमध्ये मॅक फिल्टर लावला, ऑफिसचे मोबाइल आणि एक्स्टेंडर यादीत टाकले. तेव्हापासून शेडमध्ये मोबाइल 'पत्ता मिळवत आहे' म्हणून फिरत बसतोय आणि मग सोडतोय. ऑफिसात तोच मोबाइल चालतोय. वरचं सगळं केलं, एक्स्टेंडर आधीपासून ऑटोमॅटिकवरच हाय.

तारवाला

दिवा सारखा, कारण वेगळं. तुमच्याकडे चुकीचा पत्ता मिळत नाही, पत्ताच मिळत नाही.

मॅक म्हणजे प्रत्येक उपकरणाचा ओळखक्रमांक. एक्स्टेंडर राउटरला जोडला जातो तो स्वतःच्या मॅकने. तो यादीत आहे म्हणून दिवा हिरवा. पण त्याच्यामागचा मोबाइल राउटरला खऱ्या मॅकने दिसेलच असं नाही. काही एक्स्टेंडर सगळ्यांची वाहतूक स्वतःच्याच मॅकवर पाठवतात, तिथे फिल्टरचा त्रास होत नाही. काही मात्र प्रत्येक उपकरणासाठी एक नवा मॅक तयार करतात. त्यात पहिल्या तीन जोड्या बदललेल्या आणि शेवटच्या तीन मूळ उपकरणाच्या असतात. हा नवा मॅक तुमच्या यादीत नाही, म्हणून राउटर त्याला आत घेत नाही आणि पत्त्याची मागणी तिथेच मरते.

पाच मिनिटं फिल्टर बंद करा, शेडमध्ये मोबाइल जोडा आणि राउटरच्या यादीत त्याचा मॅक कसा दिसतो ते टिपून घ्या. मग तोच यादीत टाकून फिल्टर पुन्हा चालू करा.

प्राची_होटगीरोड

त्यात आणखी एक गोम आहे. अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनमध्ये आयओएस १४ पासून मोबाइल प्रत्येक वायफाय नावाला वेगळा, बनावट मॅक दाखवतो. ऑफिसच्या वायफायला एक आणि एक्स्टेंडरचं नाव वेगळं असेल तर त्याला दुसराच. त्यामुळे शेवटच्या तीन जोड्यासुद्धा जुळणार नाहीत. त्या नावाच्या सेटिंगमध्ये जाऊन `Privacy` खाली `Use device MAC` निवडा, मगच टिपून घ्या.

खरं तर कामगारांना आवरायला मॅक फिल्टर हा त्रासदायकच मार्ग आहे. पासवर्ड बदला आणि कामगारांना गेस्ट नेटवर्क द्या. एक्स्टेंडर बहुधा गेस्ट नेटवर्क पुढे नेत नाही, त्यामुळे शेडमध्ये ते मिळणार नाही. तुम्हाला तेच हवं असेल.

एमआयडीसी_टॉवेल

फिल्टर काढला, मोबाइल लगेच चालला. यादीत बघितलं तर पहिल्या तीन जोड्या वेगळ्याच. पासवर्ड बदलून टाकतो आता, फिल्टर नको.

पण शेडमधलं हजेरीचं मशीन अजून नेटवर येईना. फिल्टर काढूनपण. एक्स्टेंडरचं नाव दिसतंय, पासवर्ड घेतंय, आणि सर्व्हरला जोडत नाही म्हणतंय.

बिनधास्त_बार्शीकर

मशीन जुनं असेल तर त्याला फक्त २.४ चालतं. ५ गिगाहर्ट्झ बंद करून बघा.

तारवाला

नाव दिसतं आणि पासवर्ड घेतलं म्हणजे बँडचा प्रश्न नसावा. २.४ वर नसतं तर नावच दिसलं नसतं. मशीनच्या मेनूत नेटवर्कमध्ये डीएचसीपी चालू आहे की हाताने टाकलेला पत्ता आहे? हाताने टाकलेला असेल तर त्यातला गेटवे आणि डीएनएस दोन्ही कळवा, आणि ऑफिसातल्या मोबाइलला कोणता गेटवे मिळतो तेही. सर्व्हरचा पत्ता नावाने आहे की आकड्यांत, तेवढंही बघा.

एमआयडीसी_टॉवेल

मेनूला पासवर्ड हाय, तो मशीन बसवणाऱ्याकडं. त्याला बोलावलंय.